कोडलाच बोललो, मग तो गप्प का झाला?

*मी आठ वर्षं पायथनमध्ये काम करतोय, टीममध्ये सिनियर आहे. रिव्ह्यूमध्ये एकमेकांची खेचायची आमच्याकडे पद्धतच आहे. 'कचरा', 'स्पॅघेटी', 'मांजर कीबोर्डवरून चाललं का?' असं सगळेच लिहितात. भयंकर कोडचे स्क्रीनशॉट टाकायला चॅटवर वेगळा चॅनेल आहे. नव्यानं आलेल्या एका मुलाच्या फंक्शनवर मी लिहिलं, 'अरे बाबा, पायथन कोणत्या जन्मात शिकलास? 😂' त्यानं आधी व्हेरिएबलचं नाव बदललं, मग टाइप हिंट्स घातल्या, मग डॉकस्ट्रिंग लिहिली. चूक तिन्ही वेळा जागच्या जागी. शेवटी मीच दुरुस्त केलं. आता तो मला रिव्ह्यू पाठवतच नाही आणि आमची लीड म्हणते, भाषा बदल. मी कोडला बोललो, त्याला नाही. लिनस टॉरवाल्ड्स तर जगासमोर याहून वाईट बोलतो. हल्लीची मुलं फार नाजूक झालीत का? फंक्शन आणि माझी दुरुस्ती सोबत जोडतोय.*

*— कोडलाच बोलणारा*

```python
def apply_discount(price, code, used=[]):
    if code in used:
        return price
    used.append(code)
    return price * 0.9
```

नमस्कार,

फंक्शन जोडलंत हे फार बरं केलंत. रिव्ह्यूमधल्या भाषेबद्दल जी पत्रं येतात त्यांत कोड जवळजवळ कधीच नसतो. मग कोण नाजूक आणि कोण उद्धट एवढ्यावरच बोलत बसावं लागतं, आणि त्यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. तुमच्या बाबतीत निदान काय झालं ते समोर दिसतंय.

तेव्हा आधी कोडकडेच बघू. घोळ पहिल्याच ओळीत आहे, `used=[]` मध्ये. पायथन `def` ची ओळ एकदाच चालवतं आणि ती रिकामी यादी त्याच वेळी तयार होते. पुढे फंक्शन हजार वेळा बोलावलं तरी यादी तीच, नवी होत नाही. म्हणजे पहिल्या ग्राहकानं कूपन वापरलं की त्याचा कोड यादीत जाऊन बसणार, आणि दुसरा ग्राहक तेच कूपन घेऊन आला की त्याच्या माथी पूर्ण किंमत. सर्व्हर रीस्टार्ट केला की यादी पुन्हा रिकामी आणि कूपन पुन्हा चालू. सर्व्हरवर चार वर्कर प्रोसेस असतील तर प्रत्येकाची यादी वेगळी. त्यामुळे तेच कूपन कधी चालेल, कधी नाही, हे विनंती कोणत्या वर्करकडे गेली त्यावर ठरणार. तक्रार आली की सपोर्टवाला स्वतः करून बघणार, त्याचं नेमकं चालणार, आणि तिकीट बंद. टेस्टमध्येही हे सहज निसटतं, कारण एका टेस्टमध्ये आपण फंक्शन एकदाच बोलावतो. दोन वेगळ्या टेस्टनी योगायोगानं तोच कूपन कोड वापरला तरच दुसरी टेस्ट फुटते, आणि टेस्टचा क्रम बदलला की फुटणारी टेस्टही बदलते.

ही चूक किती जुनी आणि किती जणांना चकवून गेलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. यातलं नेमकं काय तुमच्या कॉमेंटमध्ये होतं?

काहीच नव्हतं. कोणती ओळ, काय बिघडतं, कुणाला त्रास होतो, काय करायला हवं, यातलं एक अक्षर नाही. कॉमेंटमधून त्याला एवढंच कळलं की आपल्याला पायथन येत नाही असं सिनियरचं मत झालंय. आता त्याच्या जागी बसून ते फंक्शन वाचा. पायथन न येणाऱ्यानं लिहिल्यासारखं त्यात काय दिसतंय? `used` हे जरा मोघम नाव, टाइप हिंट्स नाहीत, डॉकस्ट्रिंग नाही. त्यानं या तीन गोष्टी ओळीनं केल्या. हा मुलगा मठ्ठ नाही. ज्या प्रश्नाचा पत्ताच दिलेला नाही त्याचं उत्तर तो नीट, पद्धतशीरपणे शोधत होता. तीन फेऱ्या वाया गेल्या त्या त्याच्यामुळे नाही गेल्या.

म्हणून 'कोडला बोललो, त्याला नाही' हा बचाव मला पटत नाही. नाजूकपणाचा विषय घटकाभर बाजूला ठेवू. 'शिकलास' या क्रियापदाचा कर्ता फंक्शन नसतं. पण हेच वाक्य 'हा काय कचरा आहे' असं शंभर टक्के कोडबद्दल असतं, तरी तो तिथेच अडकला असता, कारण चूक त्यातही नाही. माझी कसोटी सोपी आहे. कॉमेंटमधून विनोद, विशेषण आणि इमोजी खोडून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. ओळ आणि परिणाम उरत असेल तर तो रिव्ह्यू. कागद कोरा राहिला तर ती नुसती प्रतिक्रिया झाली.

तुमच्या जागी मी काय लिहिलं असतं ते सांगते:

> `used=[]` ही यादी `def` च्या वेळी एकदाच बनते आणि सगळ्या कॉल्समध्ये तीच राहते. `apply_discount(100, "NEW10")` लागोपाठ दोनदा चालवून पाहा: आधी `90.0`, मग `100`. म्हणजे एका ग्राहकानं वापरलेलं कूपन दुसऱ्याला मिळणार नाही. एका ग्राहकानं तेच कूपन दोनदा वापरू नये, एवढाच हेतू आहे ना? हे सुटेपर्यंत मर्ज करू नये.

यात गोडवा कुठेच नाही. 'छान प्रयत्न' नाही, 'जमलं तर' नाही. शेवटचं वाक्य तर चांगलंच कडक आहे. तरीही हे वाचून माणूस उठतो, दोन ओळी चालवून बघतो, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी `100` दिसतं आणि वाद तिथेच संपतो. कडकपणा चुकीच्या वजनाबद्दल हवा. तो माणसाच्या शिक्षणावर गेला की चूक बाजूला पडते आणि बोलणं भलतीकडेच जातं.

त्या कॉमेंटमधला प्रश्न मुद्दाम घातलाय. या चुकीवर जे ठरलेलं औषध सगळीकडे सांगतात ते असं:

```python
def apply_discount(price, code, used=None):
    if used is None:
        used = []
```

तुम्हीही हेच केलंयत. पण इथे ते लागू पडत नाही. यादी न देता फंक्शन बोलावलं की दरवेळी नवी रिकामी यादी तयार होणार, मग `code in used` कधीच खरं ठरणार नाही आणि एकच ग्राहक तेच कूपन हवं तितक्या वेळा वापरणार. आधी दुसऱ्या ग्राहकाला सवलत मिळत नव्हती, आता पहिल्याला अमर्याद मिळेल. तुमच्या कोडमध्ये फंक्शन बोलावणारा जर यादी देत नसेल, तर हे आज रात्रीच तपासा. `used` ला डीफॉल्ट न देता ते सक्तीचं ठेवणं आणि त्या त्या ग्राहकाची यादी बोलावणाऱ्याकडून घेणं हा माझ्या मते इथला सरळ मार्ग. 'हेतू काय आहे?' हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये सौजन्य म्हणून विचारायचा नसतो. उत्तर मिळेपर्यंत रिव्ह्यू करणाऱ्यालाही बरोबर दुरुस्ती माहीत नसते, म्हणून विचारायचा. खेचण्याच्या सुरात हा प्रश्न सुचतच नाही, कारण त्या सुरात आपण सर्वज्ञ असतो.

आता विनोदाचं बघू. प्रोग्रामरांनी खराब कोडला नावं ठेवू नयेत असं मी म्हणणार नाही. या धंद्यातल्या काही शिव्या इतक्या नेमक्या आहेत की त्यांना निदानाचा दर्जा आहे. 'स्पॅघेटी' म्हणजे उगाच वाईट कोड नव्हे. कंट्रोल इकडून तिकडे उड्या मारतो, एक धागा ओढला की भलताच हलतो, असा तो विशिष्ट रोग आहे. 'कोड स्मेल' हा शब्द केंट बेक यांचा. मार्टिन फाउलर यांच्या रीफॅक्टरिंगवरच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे तो सगळीकडे गेला. त्यात प्रत्येक वासाला नाव आहे: लांबच लांब फंक्शन, तोच कोड चार ठिकाणी, एका क्लासचं सगळं लक्ष दुसऱ्याच क्लासच्या डेट्यावर. नाव घेतलं की पुढे काय करायचं तेही बऱ्यापैकी ठरतं. 'बिग बॉल ऑफ मड' हा चिखलाचा गोळा ब्रायन फूट आणि जोसेफ योडर यांच्या १९९७ च्या निबंधातला. तो मुळातून वाचला तर लक्षात येतं की लेखकांना त्या चिखलाची कीव आहे. घाई, पैशाची चणचण, बदलत्या मागण्या यांतून शहाणीसुरती माणसंही असाच कोड का लिहितात आणि तो टिकून का राहतो, हे त्यांनी समजून घेतलंय.

तेव्हा शिवी नेमकी असेल, तिच्यासोबत ओळ क्रमांक असेल आणि समोरच्याला तिचा अर्थ ठाऊक असेल तर ती चालते. 'कचरा' आणि 'मांजर' यांतून काहीच कळत नाही. ती वाचणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात, ज्याचा कोड आहे त्याच्यासाठी नाही. तुमच्या कॉमेंटखाली किती जणांनी हसरे चेहरे टाकले असतील ते तुम्हीच आठवा.

आणि लिहिलेल्या विनोदाला आवाज नसतो. युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, प्रोसेस बदलणाऱ्या कोडजवळ ही प्रसिद्ध कॉमेंट आहे:

```c
/* You are not expected to understand this. */
```

वर्षानुवर्षं लोकांनी ती गर्विष्ठ टोमणा म्हणून वाचली. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक असलेले डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की 'हे परीक्षेत येणार नाही' अशा अर्थानं ती लिहिली होती, हिणवायला नव्हे. वर हेही कबूल केलं की तिथे काय चाललंय ते खुद्द आम्हालाही पुरतं कळलेलं नव्हतं. रिचींच्या वाक्याचं जर हे होतं, तर 'कोणत्या जन्मात'च्या पुढे लावलेला हसरा चेहरा कितीसा कामाला येणार?

लिनस टॉरवाल्ड्स यांचं उदाहरण तुमच्यासारखी बरीच मंडळी देतात, पण ते अर्ध्यावरच थांबतात. लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर ते फार वाईट बोलले आहेत हे खरं. त्यांना कोणी काही म्हणत नाही, हे मात्र खरं नाही. कर्नलमधल्याच लोकांनी जाहीर आक्षेप घेतले होते. १६ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी त्याच लिस्टवर लिहिलं की मेलमधले आपले उथळ हल्ले अव्यावसायिक आणि अनाठायी होते. त्यांनी माफी मागितली आणि लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेतो म्हणून काही काळ रजा घेतली. त्याच सुमारास कर्नलनं नवी आचारसंहिता स्वीकारली आणि त्यांच्या गैरहजेरीत ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी बाहेर काढली. पुढच्याच महिन्यात ते परत आले. त्यांचा गाजलेला नियम, की कर्नलमधल्या बदलामुळे वापरकर्त्यांचे प्रोग्राम मोडता कामा नयेत, आजही तितकाच कडक आहे. तो पाळला जायला शिवी लागत नाही.

आणखी एक फरक नजरेआड करू नका. त्यांचे जे मेल गाजले त्यांतले बरेचसे वर्षानुवर्षं सोबत काम केलेल्या मेंटेनरांना होते, आणि कोणता बदल का चुकला हे त्यांत शिव्यांसकट लिहिलेलं असायचं. तुमचा वाचक नवीन होता आणि 'का' गायब होतं. म्हणजे नक्कल करताना त्यांच्यातला कामाचा भाग तेवढा सुटला.

तो गप्प झालाय याच्या खुणा कदाचित आधीपासून दिसत असतील. तुम्ही ओळखाव्यात म्हणून सांगते, कारण दुखावलेला माणूस 'मी दुखावलो' असं टाइप करत नाही. तो 'डन' टाइप करतो. कॉमेंटवर प्रश्न येणं बंद होतं, उत्तरं एका शब्दाची होतात. कमिटचा संदेश `fix review comments` एवढाच, काय बदललं आणि का ते नाही. कुणी न सांगितलेल्या ओळीही बदललेल्या दिसतात, कारण कुठून काय येईल याचा नेम नाही. सूचना उघड चुकीची असली तरी तो वाद न घालता मान्य करतो. ही खूण माझ्या मते सगळ्यांत धोक्याची, कारण तुमची चूक पकडायला मग कुणी उरत नाही. वरच्या `None` चं तेच झालं. आणि शेवटी तो रिव्ह्यूवाला बदलतो, जो डोळे मिटून `LGTM` लिहील असा शोधतो. तुमच्याकडे यायचं थांबला म्हणजे त्याच्या कोडमधल्या चुका थांबल्या असं नाही. त्या आता बघितल्या जात नाहीत एवढंच.

गूगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्यांच्याकडच्या रिव्ह्यूंवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. रिव्ह्यूमध्ये माणसांची ओढाताण चाललीय हे नोंदींवरून ओळखता येतं का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी धरलेल्या खुणा साध्या होत्या: किती फेऱ्या झाल्या, बघणाऱ्याचा किती वेळ गेला, लिहिणाऱ्याचा किती. हे तुमच्या लीडला सांगा. प्रत्येक कॉमेंटमधले शब्द मोजत बसण्यापेक्षा, पाच ओळींच्या फंक्शनला तीन फेऱ्या का लागल्या हे विचारणं तिला सोपं जाईल आणि तुम्हालाही कमी लागेल.

आता एक भीती. 'भाषा बदल' म्हटल्यावर पुष्कळ सिनियर दुसऱ्या टोकाला जातात. 'मला आपलं वाटतं हं, कदाचित, वेळ मिळाला तर, ही यादी जरा वेगळी ठेवता येईल का, अर्थात तुझी मर्जी.' हे वाचून शहाणा मुलगा काय करेल? मर्जी आहे म्हटल्यावर मर्ज करेल, आणि चूक प्रॉडक्शनवर. डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये चेष्टा म्हणून इंटरकॅल नावाची भाषा काढली. तिच्या प्रोग्राममध्ये `PLEASE` पुरेसे नसले तर कंपायलर 'प्रोग्रामर पुरेसा नम्र नाही' म्हणून नकार देतो, आणि फार झाले तर 'अतिनम्र आहे' म्हणूनही नकार देतो. त्या भाषेत कामाचं काही लिहून होत नाही, पण ही एक तपासणी रिव्ह्यूच्या खिडकीला बसवता आली असती तर मी आनंदानं बसवली असती.

वजन स्पष्ट ठेवायला बऱ्याच टीम कॉमेंटच्या आधी एक शब्द लावतात. `nit:` म्हणजे किरकोळ, सोडून दिलं तरी चालेल. `question:` म्हणजे मला कळलं नाही, उत्तर दे. `blocking:` म्हणजे हे सुटेपर्यंत मर्ज नाही. तीन पुरेत, दहा केलीत तर कुणी वापरणार नाही. खरा फायदा लिहिणाऱ्याला होतो: `blocking:` टाइप केलं की पुढे कारण लिहावंच लागतं, 'कोणत्या जन्मात' तिथे विचित्र दिसतं. पण ही लेबलं मुखवट्यासारखीही वापरतात. `nit:` लावून पुढे टोमणा मारणारे मी पाहिलेत. तेव्हा वर सांगितलेली खोडून बघायची कसोटी लेबल लावल्यावरही चालवायची.

दुसरं म्हणजे, यंत्राला बोलू द्या. तुम्ही ज्यावर एवढे वैतागलात ती चूक लिंटर पकडतो. पायलिंटमध्ये तिचं नाव `dangerous-default-value` आहे, रफमध्ये `B006`. `pyproject.toml` मध्ये एवढंच लागतं:

```toml
[tool.ruff.lint]
extend-select = ["B006"]
```

मग ही ओळ तुमच्यापर्यंत यायच्या आधीच लाल होईल. लिंटरचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नाही, कारण तो सगळ्यांना एकाच शब्दांत बोलतो, चारचौघांत बोलत नाही आणि त्याला कुणाची वाहवा नको असते. एकच मर्यादा: `[]` धोक्याचं आहे एवढंच तो सांगेल. यादी ग्राहकागणिक हवी हे त्याला कळणार नाही, आणि `None` वाली दुरुस्ती तो बिनबोभाट पास करेल. ते तुमचं काम, आणि तुमची आठ वर्षं तिथे खर्ची पडावीत.

तिसरं, एकाच मुद्द्यावर दुसरी फेरी होऊनही गाडी हलली नाही की टायपिंग थांबवा आणि फोन करा. तुमच्या बाबतीत नावबदल आल्याबरोबर कॉल झाला असता तर दोन मिनिटांत सुटलं असतं. बोलणं झाल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत त्याच कॉमेंटखाली लिहायचं, नाहीतर पुढच्या वाचणाऱ्याला धागा अर्धवट सापडतो.

लीडसाठीही एक निरोप. असं काही दिसलं की तिनं त्याच दिवशी त्याच जागी, एका वाक्यात मुद्दा चुकीवर आणावा: 'कोणती ओळ आणि काय बिघडतं ते लिहा.' भाषेबद्दलचं बोलणं मात्र तुमच्याशी खासगीत व्हावं. तुमची जाहीर हजेरी घेतली तर तुमच्याशीही तेच झालं जे त्याच्याशी झालं, आणि बाकीच्यांना करमणुकीचा दुसरा अंक मिळाला. आणि रिव्ह्यूमध्ये सापडलेल्या चुका कुणाच्या वार्षिक मूल्यमापनात घालू नयेत. हा नियम जुना आहे, आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोडच्या तपासणीची रीतसर पद्धत मांडली तेव्हापासूनचा. चुका पगाराला चिकटल्या की माणसं त्या लपवतात, मग भाषा कितीही मऊ असो.

स्क्रीनशॉटच्या चॅनेलबद्दल माझं मत ठाम आहे: तिथे ज्यानं त्यानं फक्त स्वतःचा कोड टाकायचा. एवढा एक नियम केला की तो चॅनेल टिकतो आणि खरंच गमतीचा होतो. `git blame` चा स्क्रीनशॉट तर अजिबात नको. ती आज्ञा त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला एवढंच सांगते. कुणी सगळ्या फाइलवर फॉर्मॅटर फिरवला असेल तर अर्ध्या ओळी त्याच्या नावावर दिसतात, आणि त्यातला विचार तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा असतो. तपास करायचाच असेल तर `git blame -w` नं नुसत्या मोकळ्या जागांचे बदल वगळता येतात. पण तो तपास आपल्या स्क्रीनवर करावा.

राहिला तो मुलगा. जुनी कॉमेंट पुसू नका. ती ईमेलनं केव्हाच सगळ्यांकडे पोचली आहे, आणि पुसलेली कॉमेंट पुसली म्हणूनच जास्त लक्षात राहते. तिच्याखाली नवी लिहा, वर दिली तशी, `90.0` आणि `100` सकट, आणि आधीच्या कॉमेंटमध्ये चूक काय ते मी लिहिलंच नव्हतं, असं एक वाक्य घाला. ज्यांनी हसरे चेहरे टाकले त्यांनाही ते दिसेल.

मग त्याच्याशी समोरासमोर बोला, थोडकंच. 'अरे गंमत केली होती' म्हणू नका, त्यात त्याला गंमत कळली नाही असा आरोप दडलेला असतो. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असंही नको, कारण 'असेल तर'चा निकाल त्याच्यावर सोडून आपण मोकळे होतो. असं म्हणता येईल: 'मी कॉमेंटमध्ये चूक सांगितलीच नाही, नुसता टोमणा मारला. तुझ्या तीन फेऱ्या माझ्यामुळे गेल्या. आणि मी केलेली दुरुस्ती मला आता बरोबर वाटत नाहीये, तू बघशील का?' शेवटचा प्रश्न नाटक म्हणून विचारू नका. तुमची `None` वाली दुरुस्ती खरोखर चुकीची असू शकते आणि त्या फंक्शनवर तुमच्याइतकाच वेळ त्यानंही घालवलाय. ती त्याच्याकडे रिव्ह्यूला पाठवा.

तो लगेच मोकळा होईलच असं नाही. पहिल्यांदा तो बहुतेक `LGTM` लिहून सुटका करून घेईल. तसं झालं तर मर्ज करू नका. यादी न देता फंक्शन दोनदा बोलावणारी टेस्ट लिही, एवढंच त्याला सांगा. ती लिहिली की `None` चं भोक त्याला स्वतःलाच दिसेल, आणि तुमच्या कोडवर एक `blocking:` कॉमेंट येईल. आली की चूक मान्य करून दुरुस्त करा, आणि इमोजी टाकू नका.